विवाह प्रदर्शनातील स्टॉल : आधी तारीख, मग मेकअप

पावसाळा सरत आला की मडगाव-पणजीच्या सभागृहांत विवाह प्रदर्शनांची वर्दळ सुरू होते. तुळशीविवाहानंतरचे मुहूर्त आणि ख्रिस्ती कुटुंबांतील नाताळानंतरचे विवाह यांची तयारी तेव्हा सुरू झालेली असते. अशा ठिकाणी स्टॉल घेणारे मेकअप स्टुडिओ बहुधा सजावटीवर खर्च करतात आणि दोन दिवसांनी दोनशे दूरध्वनी क्रमांकांची वही घेऊन परततात. त्यांतील लग्न कोणाचे आणि कधी, हे मात्र वहीत नसते.

मेकअप कलाकाराकडे विकण्याजोगी वस्तू एकच, मोकळी तारीख. नववधूचा मेकअप, केशरचना आणि साडी यांत तीन तास सहज जातात. त्यामुळे एका मुहूर्ताला एकच वधू. फोंड्यात सकाळचे लग्न उरकून दुपारी मडगावच्या चर्चमधील वधूकडे पोहोचता येईलही, पण ते अंतर आणि मदतनीस पाहून ठरवायचे. म्हणून नोंदपत्रावरील पहिला प्रश्न लग्नाच्या तारखेचा असावा. पुढे स्थळ, समारंभ किती, मेकअप करणारे ठरले आहे का आणि संपर्क करण्यास संमती, एवढे पुरे. स्टॉलवर स्टुडिओची तारीखवही उघडी ठेवली तर उत्तर तिथेच देता येते.

पूर्ण मेकअपचे प्रात्यक्षिक टाळलेले बरे. एका खुर्चीत तासभर एकच मुलगी बसते आणि बाकीच्या निघून जातात. जबड्याच्या कडेला फाउंडेशनच्या दोन छटा लावून दाखवायला आठ-दहा मिनिटे लागतात आणि कलाकाराची नजर तेवढ्यात कळते. सभागृहाच्या पिवळ्या दिव्याखाली छटा फसवी दिसते. दिवसाच्या उजेडासारखा पांढरा दिवा स्वतःच न्यावा. ब्रश प्रत्येकीसाठी धुतलेला हवा, हे सांगायला नकोच. मात्र खुर्चीपाशी एक आणि नोंदीसाठी दुसरी, अशा दोघी लागतातच.

हिशेब असा मांडावा. समजा भाडे, दिवे, छपाई मिळून ३५ हजार खर्च झाला आणि एका बुकिंगमागे साहित्य, मदतनीस व प्रवास वजा जाता १० हजार उरतात. चार बुकिंग झाली तरच स्टॉल फिटला. साठ नोंदींपैकी तारीख ठरलेल्या, मेकअप न ठरलेल्या आणि त्या दिवशी स्टुडिओ मोकळा असलेल्या पंधराच निघाल्या, तर दूरध्वनी आधी त्या पंधरांना, तोही दुसऱ्याच दिवशी. आठवड्याने केलेल्या फोनला बहुधा ‘ठरलं आमचं’ हेच उत्तर येते. त्या पंधरांपैकी आठ जणी सशुल्क चाचणी मेकअपला आल्या, तर चार बुकिंगची अपेक्षा धरता येते. आल्या तीनच, तर दर किंवा बोलणे तपासावे लागेल.

स्टॉलवरच आगाऊ रक्कम देणाऱ्यांना पावती द्यावी. तीवर तारीख, समारंभ आणि लग्न पुढे ढकलल्यास त्या रकमेचे काय, हे लिहिलेले असावे.