प्रश्न आधी मागवा, पण नाव नको

वरिष्ठांनी सगळ्या कर्मचाऱ्यांशी एकत्र बोलायचं, अशा सभेला कंपन्यांमध्ये ‘टाऊन हॉल’ म्हणतात. समजा, चाकणच्या एखाद्या कारखान्यात ती दुपारी चारला ठेवली. रात्रपाळीवाले तेव्हा झोपलेले असतात. म्हणून दोन आठवडे आधी जाणाऱ्या निमंत्रणातच प्रश्न कुठे, कधीपर्यंत पाठवायचे आणि रेकॉर्डिंग कुठे मिळेल, हे लिहावं. यंत्रावर काम करणाऱ्याकडे कंपनीचा ईमेल नसतो, त्याच्यासाठी कँटीनच्या भिंतीवर क्यूआर कोड आणि शेजारी कागदी चिठ्ठ्यांची पेटी हवी.

खरी कसोटी प्रश्नांची. फॉर्मवर नाव विचारलं नाही, पण विभाग, पाळी आणि नोकरीची वर्षं विचारली, तर चार जणांच्या विभागातला माणूस लगेच ओळखू येतो. फॉर्म ईमेल पत्ता आपोआप नोंदवतो का, हेही तपासावं. ओळखू येण्याची भीती असली की बढती, ओव्हरटाइम, कंत्राटी कामगार हे विषय येतच नाहीत. कँटीनच्या चहाबद्दल मात्र भरपूर येतं. यादी इतकी गोड दिसली तर पद्धतच चुकली, असं मी समजेन. सारखे प्रश्न एकत्र करावेत, पण त्यांची धार बोथट करू नये. वेळेअभावी राहिलेल्यांना लेखी उत्तर द्यावं.

सभा रेकॉर्ड होणार, हे आधीच सांगायला हवं. प्रत्यक्ष उठून विचारणाऱ्याचा चेहराही त्यात येतो. मायक्रोसॉफ्ट टीम्सवर मुदत बदलली नाही, तर रेकॉर्डिंग सहसा १२० दिवसांनी आपोआप हटतं. ती तारीख दुव्यासोबतच कळवावी.