फोटोतला भाजलेला भाग किती टक्के?

दोन वर्षांच्या मुलाच्या अंगावर उकळता चहा सांडला आणि घरच्यांनी डॉक्टरांना फोटो पाठवला, असं समजा. छाती आणि उजवा हात लाल दिसतोय. किती टक्के भाजलं?

मोठ्या माणसात नऊचा नियम लावतात: डोकं ९, प्रत्येक हात ९, प्रत्येक पाय १८, धड पुढून १८ आणि मागून १८, उरलेला १ टक्का जननेंद्रियांचा. लहान मुलाचं डोकं मोठं आणि पाय आखूड, त्यामुळे हे आकडे त्याला लागू पडत नाहीत. विखुरलेल्या जखमांसाठी तळहात बरा. बोटांसकट रुग्णाचा स्वतःचा तळहात म्हणजे साधारण १ टक्का. आपला तळहात धरला तर हिशेब साफ चुकतो, म्हणून फोटोत मुलाचाच तळहात जखमेशेजारी, न टेकवता, दिसू द्या.

या मुलाच्या छातीवर चार तळहात, हातावर दोन तळहात फोड आलेत. म्हणजे ६ टक्के. कडेची नुसती लाली मोजायची नाही. ती धरल्यामुळेच आकडा फुगतो.

खोली ओळखणं अवघड. ओलसर, गुलाबी, दुखणारी जखम उथळ. पांढरट, चिवट, न दुखणारी खोल. दाबल्यावर रंग परततो का, हे फोटो सांगत नाही. पिवळ्या दिव्यात रंगही फसवतो, आणि जखम दोन-तीन दिवसांत खोल होऊ शकते.

मुलांत १० टक्क्यांच्या आसपास सलाइन लागतं. चेहरा, हात किंवा जननेंद्रिय भाजलं असेल, तर टक्के मोजत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.