सोळा टक्के, पण कशाचे?

औषधांच्या किमतींवर नियंत्रण ठेवणारा एक सरकारी आदेश १९९५ साली निघाला आणि त्याच्या जागी २०१३ साली नवा आदेश आला. किमती नियंत्रित असलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला किती मिळावे, यासाठी दोन्ही आदेशांत एकच आकडा आहे : सोळा टक्के. घाईत वाचणाऱ्याला वाटेल की या बाबतीत काहीच बदलले नाही. पण १९९५च्या आदेशात म्हटले होते की किरकोळ किमतीतून सोळा टक्के वजा करून त्या भावाने औषध दुकानदाराला द्यावे. २०१३चा आदेश सांगतो की दुकानदाराला माल ज्या भावाने मिळतो, त्या भावावर सोळा टक्के चढवून कमाल किंमत काढावी. आधी सोळा टक्के विक्री किमतीचे होते, नंतर ते खरेदी किमतीचे झाले.

फरक किती पडला ते पाहू. कर बाजूला ठेवू आणि दुकानदाराची खरेदी १०० रुपये धरू. नव्या हिशेबाने विक्रीची मर्यादा ११६ रुपये होते आणि हातात १६ रुपये राहतात. जुन्या हिशेबात विक्री किमतीचे ८४ टक्के म्हणजे १०० रुपये, म्हणून विक्री किंमत ११९ रुपये ५ पैसे येते आणि हातात १९ रुपये ५ पैसे. एकाच खरेदीवर तीन रुपये पाच पैशांचे अंतर पडले, आणि कागदावरचा आकडा मात्र तोच राहिला.

खरेदीवर किती चढवले त्याला व्यापारात मार्कअप म्हणतात आणि विक्रीच्या रकमेत आपले किती उरले त्याला मार्जिन. नफ्याचे रुपये दोन्हींत तेच असतात. ते कोणत्या रकमेने भागायचे एवढाच प्रश्न असतो. ८० रुपयांची वस्तू १०० रुपयांना विकली तर नफा २० रुपये. तो ८० ने भागला की २५ टक्के मार्कअप, १०० ने भागला की २० टक्के मार्जिन. नफा होत असेल तोवर विक्री किंमत खरेदीपेक्षा मोठीच असते, म्हणून मार्जिनचा आकडा नेहमी मार्कअपपेक्षा लहान येतो.

शाळेच्या गणितात शेकडा नफा खरेदी किमतीवर काढायला शिकवतात, आणि ती सवय आयुष्यभर टिकते. दुकानात मात्र बहुतेक सगळे विक्रीवर मोजले जाते, आणि त्याला कारण आहे. रोज संध्याकाळी गल्ल्यात दिसते ती विक्री. ग्राहकाला सूट द्यायची ती विक्री किमतीवर, कार्डाच्या यंत्राचे कमिशन जाते तेही विक्रीच्या रकमेतून. औषधाच्या व्यापारात तर छापील किंमत आधीच ठरून आलेली असते आणि प्रत्येकाचा वाटा तिच्यातून मागे मागे वजा होत जातो.

ज्या औषधांची कमाल किंमत सरकार ठरवत नाही, त्यांच्यावर किरकोळ दुकानदाराला वीस टक्के आणि घाऊक विक्रेत्याला दहा टक्के अशी रूढ पद्धत आहे. १०५ रुपये छापील किमतीची एक स्ट्रिप घ्या. बहुतेक औषधांवर सप्टेंबर २०२५पासून पाच टक्के जीएसटी आहे, तेव्हा त्यातले ५ रुपये कराचे आणि १०० रुपये मालाचे. शंभरातून दुकानदाराचे वीस टक्के वजा केले की ८० रुपये राहतात. हा त्याचा खरेदी भाव, व्यापारी भाषेत पीटीआर. या ८० रुपयांतून घाऊक विक्रेत्याचे दहा टक्के, म्हणजे ८ रुपये, वजा केले की ७२ उरतात आणि तेवढ्याला तो माल कंपनीकडून उचलतो.

अनेक जण वीस आणि दहा मिळवून 'मधल्यांचे तीस टक्के' असे बोलतात. तसे होत नाही, कारण वीस टक्के शंभराचे आहेत आणि दहा टक्के ऐंशीचे. दोघांचे मिळून २८ रुपये होतात, म्हणजे विक्री किमतीचे २८ टक्के. हीच साखळी खालून वर मोजली तर ७२ चे ८० होताना ११.११ टक्के चढतात, ८० चे १०० होताना २५ टक्के, आणि ७२ पासून १०० पर्यंत एकूण ३८.८९ टक्के. एकाच स्ट्रिपबद्दल कोणी २८ म्हणेल आणि कोणी ३९, आणि दोघेही खरेच बोलत असतील.

एकातून दुसरे काढण्याची रीत सोपी आहे. मार्कअपवरून मार्जिन हवे असेल तर मार्कअपला '१०० अधिक मार्कअप'ने भागा आणि १०० ने गुणा. मार्जिनवरून मार्कअप हवा असेल तर मार्जिनला '१०० वजा मार्जिन'ने भागा आणि १०० ने गुणा. १६ टक्के मार्कअप म्हणजे १६ भागिले ११६, १३.७९ टक्के मार्जिन. १६ टक्के मार्जिन म्हणजे १६ भागिले ८४, १९.०५ टक्के मार्कअप.

गल्ल्यावर बसून तोंडी करायचे असेल तर टक्के विसरून हिश्श्यांत विचार करावा. खरेदीचा चौथा हिस्सा नफा असेल तर तो विक्रीचा पाचवा हिस्सा असतो : खरेदीचे चार भाग, त्यात नफ्याचा एक, मिळून विक्रीचे पाच. तसेच खरेदीचा तिसरा हिस्सा तो विक्रीचा चौथा, खरेदीचा निम्मा तो विक्रीचा तिसरा, आणि खरेदीइतकाच नफा असेल तर तो विक्रीचा निम्मा. मला स्वतःला सूत्रापेक्षा ही रीत जास्त भरवशाची वाटते. सूत्रात अधिक आणि वजा यांची अदलाबदल सहज होते, भाग मोजताना ती होत नाही.

मोठी चूक होते ती सूट देताना. औषध दुकानांवर आता दहा टक्के, पंधरा टक्के सवलतीचे फलक सर्रास दिसतात. समजा एखाद्या नव्या दुकानदाराने विचार केला की नियंत्रित औषधावर आपल्याला सोळा टक्के सुटतात, तर पंधरा देऊन टाकू, एक टक्का उरला तरी गिऱ्हाईक येईल. कर बाजूला ठेवून १०० रुपयांची खरेदी पुन्हा घ्या. किंमत ११६ रुपये. पंधरा टक्के सूट खरेदीवर मिळत नाही, ती ११६ वर मिळते, म्हणजे १७ रुपये ४० पैसे. ग्राहकाकडून आले ९८ रुपये ६० पैसे. एक रुपया उरण्याऐवजी एक रुपया चाळीस पैसे पदरचे गेले, आणि विक्री जितकी वाढेल तितका हा खड्डा वाढत जाईल. दहा टक्के सूट दिली तर ११ रुपये ६० पैसे जाऊन ४ रुपये ४० पैसे राहतात, सोळातून दहा गेल्यावर वाटतात तसे सहा राहत नाहीत. ज्या औषधावर वीस टक्के मार्जिन आहे तिथे मात्र सरळ वजाबाकी चालते, कारण मार्जिन आणि सूट दोन्ही एकाच रकमेवर मोजलेली असतात : वीसातून पंधरा गेले, पाच उरले. म्हणून सूट ठरवण्याआधी प्रत्येक नफा मार्जिनमध्ये बदलून घ्यावा. सरसकट एकच सूट देणाऱ्या दुकानात काही स्ट्रिपांवर नफा आणि काहींवर तोटा एकाच बिलात घडत असतो, आणि बिलाच्या बेरजेत तो तोटा दिसत नाही.

दुसरा घोटाळा वर्षअखेरीला उघडकीला येतो. समजा कोणी सगळ्या मालावर खरेदीच्या २५ टक्के चढवून किंमत लावतो. वर्षाची विक्री २० लाख झाली, तेव्हा पाच लाख सुटले असतील असे तो मनाशी धरतो. हिशेबात निघतात चार लाख. मग एक लाख गेला कुठे, असा संशय काउंटरवरच्या मुलावर जातो. प्रत्यक्षात १६ लाखांच्या खरेदीवर २५ टक्के म्हणजे चारच लाख होतात. इथे ओळखण्याची खूण सोपी आहे. मार्कअपवरून काढलेले मार्जिन आणि हिशेबातले मार्जिन जुळले (इथे दोन्ही २० टक्के), तर काहीही हरवलेले नाही. हिशेबात २० ऐवजी १७ टक्के निघाले तरच सूट, मुदत संपलेला माल, तूटफूट किंवा चोरी यांचा शोध घ्यावा. हा ताळा न करता कोणावर आळ घेणे मला गैर वाटते.

कोणता आकडा कशावर मोजला आहे ते कधीकधी आकडाच सांगून जातो. कोविडच्या काळात, जुलै २०२१मध्ये, राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने पल्स ऑक्सिमीटर, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर यांच्यावर मधल्या नफ्याची मर्यादा घातली. वितरकाच्या खरेदी भावापासून छापील किमतीपर्यंत हा नफा काही ठिकाणी ७०९ टक्क्यांपर्यंत जात असल्याचे तेव्हा सरकारने सांगितले. बातम्यांत त्यालाही मार्जिनच म्हटले गेले. पण विक्रीवरचा नफा कधीच शंभर टक्क्यांच्या पुढे जाऊ शकत नाही, कारण विक्रीतला एक भाग विक्रीपेक्षा मोठा कसा असेल? शंभराच्या वरचा आकडा दिसला की तो खरेदीवरचाच. ७०९ ला ८०९ ने भागले की कळते की ग्राहकाने दिलेल्या शंभर रुपयांतले सुमारे ८७ रुपये ६० पैसे वितरक आणि दुकानदार यांच्याकडे जात होते.

घातलेली मर्यादा ७० टक्क्यांची होती, तीही वितरकाच्या खरेदी भावावर. वितरकाला १,००० रुपयांना पडलेले यंत्र करापूर्वी जास्तीत जास्त १,७०० ला विकता येई. मधले ७०० रुपये म्हणजे विक्री किमतीचे ४१.१८ टक्के. बोलताना कोणी सत्तर म्हणाले काय आणि एकेचाळीस म्हणाले काय, ग्राहकाला किंमत तीच. मात्र टक्केवारीने घातलेल्या मर्यादेला एक मर्यादा आहे, आणि ती दोन्ही पद्धतींत सारखीच आहे. तेच यंत्र वितरकाला १,५०० रुपयांना पडले तर मधल्यांना ७०० ऐवजी १,०५० रुपये घेता येतात आणि टक्केवारी जागची हलत नाही. माल महाग पडण्यात साखळीतल्या कोणाचेच नुकसान नाही. म्हणून अशा आदेशाने किमती किती उतरल्या हे तपासताना सत्तर टक्के पाळले गेले का एवढे पाहून भागत नाही, वितरकाला दिलेला पहिला भाव आदेशाच्या आधी किती होता आणि नंतर किती झाला, तेही पाहावे लागते.