एका पानात बसवा

‘हे एका पानात बसवून द्या,’ असे साहेब, संपादक किंवा सोसायटीचे अध्यक्ष सांगतात तेव्हा त्यांच्या मनात तीनपैकी एक गोष्ट असते. एक तर मजकूर कमी हवा असतो, नाहीतर फक्त कागद एकच हवा असतो, किंवा कुठल्या तरी नियमाने मर्यादा घालून दिलेली असते. कामाला हात घालण्याआधी हे विचारून घ्यावे, कारण तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. उदाहरणार्थ, महाराष्ट्रात माहितीच्या अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा, असा २०१२ पासून नियम आहे. तिथे अक्षर बारीक करून काहीच साधत नाही, शब्दच मोजावे लागतात.

आता नेहमीचा प्रसंग घेऊ. समजा, सोसायटीच्या सचिवांनी कमी दाबाने येणाऱ्या पाण्याबद्दल पाणीपुरवठा विभागाला पत्र लिहिले. अक्षर १२ पॉइंटचे, पत्रात आठ परिच्छेद, आणि शेवटच्या नऊ ओळी सहीसकट दुसऱ्या पानावर गेल्या. ए-फोर कागदाची उंची २९७ मिलिमीटर, म्हणजे सुमारे ८४२ पॉइंट. वर-खाली एकेक इंच समास सोडला की ६९८ पॉइंट उरतात. देवनागरीच्या १२ पॉइंटच्या ओळीला साधारण १८ पॉइंट उंची लागते, म्हणजे पानावर ३८ ओळी बसतात. आपल्याला त्यात आणखी नऊ ओळींची जागा काढायची आहे.

सुरुवात शब्दांपासून करावी. पत्रात हे वाक्य होते: ‘सदर बाबतीत आपल्या कार्यालयाकडे यापूर्वी वेळोवेळी लेखी स्वरूपात पाठपुरावा करण्यात आलेला असून त्यावर अद्यापपर्यंत कोणत्याही प्रकारची कार्यवाही करण्यात आलेली नाही.’ त्याऐवजी ‘याबाबत आम्ही ४ मार्च व २० मे रोजी अर्ज दिले, त्यांवर कार्यवाही झालेली नाही’ असे लिहिले तर वीस शब्दांचे चौदा होतात, एक ओळ वाचते आणि वर तारखाही येतात. ‘वेळोवेळी’ या शब्दावर अधिकारी काही करू शकत नाही. तारीख दिली तर तो जुना अर्ज शोधू शकतो. सोसायटी कधी स्थापन झाली, किती कुटुंबे राहतात ही प्रस्तावना गाळली की आणखी दोन ओळी गेल्या. मग परिच्छेदांच्या शेपट्या पाहाव्यात. ज्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत एकच शब्द लोंबतो, तिथे एखादा शब्द काढला की अख्खी ओळ वाचते. असे दोन परिच्छेद सापडले आणि पाच ओळींचा हिशेब लागला.

उरलेल्या चार ओळी मांडणीतून काढता येतात. वरचा, खालचा आणि उजवा समास २.५४ सेंटीमीटरवरून २ वर आणला तर सुमारे तीन ओळींची जागा मिळते. डाव्या समासाला हात लावू नये. फाइलला लावताना कागदाला तिथेच भोके पाडतात आणि अक्षरे त्यात जातात. दोन परिच्छेदांमधली मोकळी जागा ८ पॉइंटवरून ४ केली की आणखी जवळजवळ दोन ओळी मिळतात. पत्र एका पानात बसले आणि अक्षर १२ पॉइंटचेच राहिले.

बरेच जण मात्र आधी अक्षरच लहान करतात, कारण त्याने झटपट जागा होते. १२चे ११ केले की ओळीही वाढतात आणि प्रत्येक ओळीत अक्षरेही जास्त मावतात, त्यामुळे पानावर साधारण एकोणीस टक्के जास्त मजकूर बसतो. एवढे चालते. नऊ पॉइंटपर्यंत उतरलात तर झेरॉक्सच्या दुसऱ्या प्रतीत ‘द्ध’, ‘ष्ठ’ ही जोडाक्षरे काळ्या ठिपक्यांसारखी दिसू लागतात. शिवाय सगळ्या फॉन्टचे १२ पॉइंट सारखे नसतात. कोकिला हा फॉन्ट त्याच आकड्याला मंगलपेक्षा बराच लहान दिसतो, म्हणून आकड्यावर न जाता छापून पाहावे.

दुसरी चूक ओळींमधल्या अंतराची. Paragraph मध्ये जाऊन अंतर Exactly करून १४ टाकले की इंग्रजी मजकूर ठीक दिसतो, पण मराठीचे हाल होतात. आपल्या अक्षरांना वर रफार-वेलांटी आणि खाली उकार असतात. त्यांची टोके कापली जातात किंवा वरच्या ओळीला भिडतात. तपासायला ‘पूर्ती’ हा शब्द पुरतो, कारण त्यात ही तिन्ही चिन्हे आहेत. तो पूर्ण दिसत नसेल तर अंतर वाढवावे आणि त्या बदल्यात एखादे वाक्य काढावे.

सगळे झाल्यावर शेवटी एक-दोन ओळींची जागा मोकळी ठेवावी आणि फाइल पीडीएफ करूनच पाठवावी. समोरच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर दुसरा लागतो, ओळी सरकतात आणि सही पुन्हा एकटीच दुसऱ्या पानावर जाते.