अळूची खाज : चिंच नक्की काय करते?

स्वयंपाकघरातील रसायन : लेखांक ७

अळूबद्दल दोन समजुती घरोघरी आहेत. कच्चे अळू खाजते, ही पहिली. आणि शिजवल्याने किंवा चिंच घातल्याने त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक नाहीसे होतात, म्हणून खाज जाते, ही दुसरी. पहिली खरी आहे. पानाचा चीक हाताला लागला तर कातडी चुणचुणते आणि पान किंवा अळकुडी कच्ची चावली तर जीभ, ओठ आणि घसा खवखवतो. दुसरी समजूत मात्र अर्धीच खरी आहे. खाज जाते हे बरोबर, पण स्फटिक जात नाहीत. ते शिजलेल्या फदफद्यातही असतात. मग ते खाजवत का नाहीत, हाच खरा प्रश्न आहे आणि त्याच्या उत्तरात चिंचेची जागाही ठरते.

आधी स्फटिकांचे रूप पाहू. अळूच्या पानांत, देठांत आणि कंदात काही खास पेशी असतात. त्यांच्यात दोन्ही टोकांना अणकुचीदार अशा सुया जुडीने बांधल्यासारख्या रचलेल्या असतात. एकेक सुई मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास लांबीची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी. ही पेशी चिरताना किंवा चावताना फुटली, की सुया बाहेर पडतात. काही पेशींची टोके पातळ असतात. पाणी शिरले की आतला चिकट पदार्थ फुगतो आणि सुया टोकातून बाहेर ढकलल्या जातात. ओल्या हाताने अळू चिरू नये आणि हाताला तेल लावावे, या जुन्या सल्ल्याला त्यामुळे अर्थ आहे : पाणी कमी मिळते आणि कातडीवर एक पातळ आवरण राहते.

पण नुसत्या सुया टोचल्याने एवढी खाज का यावी? तशाच सुया अननसात आणि किवी फळातही असतात, आणि त्यांचा त्रास अळूइतका होत नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधक ब्रॅडबरी आणि निक्सन यांनी १९९८ मध्ये खाद्य अळूवर्गीय वनस्पतींवर जे काम प्रसिद्ध केले, त्यात मांडलेला विचार असा की सुया कातडीला छिद्र पाडतात आणि त्यांना चिकटलेले एक प्रथिन, बहुधा इतर प्रथिने तोडणारे विकर, त्या छिद्रातून आत जाऊन दाह करते. या जोडीचा पुरावा एका वेगळ्या प्रयोगातूनही मिळतो. जपानमधील कोन्नो आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये किवीच्या सुया आणि प्रथिने तोडणारे विकर पानांवर लावून ती एरी रेशीमकिड्यांच्या अळ्यांना खायला दिली. एकट्या सुयांचा किंवा एकट्या विकराचा त्या मात्रेत फारसा परिणाम झाला नाही. दोन्ही एकत्र दिल्यावर अळ्या मेल्या. सुयांऐवजी बिनटोकाचे कॅल्शियम ऑक्झलेट दिले, तर विकर सोबत असूनही तसे झाले नाही. म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट हे रसायन मुळात खाजकारक नाही. सुईचा आकार आणि तिच्यावरचे प्रथिन मिळून काम होते.

आता चुलीकडे वळू. कॅल्शियम ऑक्झलेट उकळत्या पाण्याच्या तापमानाला तुटत नाही. त्याचे विघटन व्हायला चारशे अंशांच्या पुढे जावे लागते. पाण्यात ते जवळजवळ विरघळतही नाही : एका लिटरमध्ये जेमतेम ६-७ मिलिग्राम. पाव किलो अळूची पाने अर्धा लिटर पाण्यात शिजवली, असे धरू. त्या पाण्यात तीन-साडेतीन मिलिग्राम विरघळेल. चिंचेतले टार्टरिक आम्ल ऑक्झलेटला थोडे सैल करते, हे खरे. म्हणून ही मर्यादा दहापट वाढली असे उदारपणे मानले, तरी पस्तीस मिलिग्रामच. पाव किलो पानांत न विरघळणारे ऑक्झलेट मात्र काही शे मिलिग्राम भरते. म्हणून आमटीच्या आंबटपणाने सुया विरघळतात, हा दावा हिशेबात बसत नाही. तीव्र खनिज आम्लात कॅल्शियम ऑक्झलेट विरघळते, पण चिंचेचा कोळ तसला नव्हे. शिजलेले अळू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर सुया दिसतात.

यावर आक्षेप येईल : मग पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव खोटा का? खोटा नाही. उष्णता प्रथिनाची घडी उलगडते आणि उलगडलेले विकर निकामी होते. शिवाय पेशींचे आवरण मऊ पडते आणि सुया जोराने बाहेर न फेकल्या जाता गिजगिज्या गरात अडकून राहतात. चिंच घातल्याने माध्यम आम्लधर्मी होते. बहुतेक विकरांचे काम तिथे मंदावते आणि उष्णतेने ती लवकर मोडतात. म्हणून चिंच मदतनीस आहे, उष्णतेची जागा घेणारी नाही. कोकणात आणि गोव्यात जंगली तेऱ्याला आंबाडे किंवा आमसुलांचा सढळ आंबटपणा देतात, पण कच्चे तेरे कोणी कोळात बुडवून खात नाही.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे : विकर ऐंशी-नव्वद अंशांना मोडत असेल, तर वीस मिनिटे वाफवलेली अळूवडीसुद्धा कधी कधी का खवखवते? उत्तर वडीच्या रचनेत आहे. पाच-सहा पानांवर चिंच-गुळाचे बेसन थापून गुंडाळी केली की मधे पान आणि पीठ यांचे घट्ट थर होतात, आणि वाफेची उष्णता आत जायला वेळ घेते. बाहेरचे पान शिजलेले, मधले अर्धकच्चे. सुरी मधोमध खुपसली आणि पीठ चिकटून आले, तर आतल्या पानालाही पुरेशी ऊब मिळालेली नाही, असे समजावे. वडीचा उंडा बारीक ठेवणे, जाड शिरा लाटून किंवा काढून टाकणे आणि वेळ वाढवणे, हे उपाय चिंच दुप्पट करण्यापेक्षा उपयोगी. फदफद्यात तर चिंच सुरुवातीलाच घातली, तर आम्लाने पाने आणि डाळ-दाणे मऊ व्हायला उशीर लागतो. म्हणून आधी सारे नीट शिजवावे, मग कोळ घालून पुन्हा उकळी आणावी. अळकुडीही अख्खी उकडताना टोचून मधपर्यंत मऊ झाल्याची खात्री करावी. काही जातींत खाज मुळातच जास्त असते, त्यांना वेळही जास्त हवा.

या सगळ्यातून एक सावधगिरी निघते. खाज गेली म्हणजे ऑक्झलेट गेले, असे समजू नये. अळूत न विरघळणाऱ्या सुयांखेरीज पाण्यात विरघळणारे ऑक्झलेटही असते. ते खाजवत नाही, पण आतड्यातून रक्तात शोषले जाऊन लघवीतून बाहेर पडताना मूतखड्याला हातभार लावू शकते. चिंच त्याचे काही करत नाही. ते कमी करायचे तर पाने उकडून पाणी ओतून द्यावे, किंवा सोबत दूध-दही खावे. त्यातला कॅल्शियम विरघळणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच न विरघळणारे करतो आणि ते शोषले जात नाही. ज्यांना ऑक्झलेटचे खडे होतात, त्यांनी म्हणून जिभेच्या न खवखवण्यावर भरवसा ठेवू नये. प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. पुढच्या लेखांकात सुरणाकडे जाऊ : त्यातही अशाच सुया असतात.