फुकट कॉफी नेमकी केवढ्याला पडते?

कोथरूड घ्या, कर्वेनगर घ्या, गल्लीच्या तोंडाशी एखादा छोटा कॅफे असतोच. पाच-सहा टेबलं, एक एस्प्रेसो मशीन आणि गल्ल्याशेजारी दहा चौकोनांचं छापील कार्ड: नऊ कॉफ्या घ्या, दहावी आमच्याकडून. गिऱ्हाईक खूश, मालकही खूश. सहा महिन्यांनी मालक हिशेबाला बसतो तेव्हा येणारी माणसं तेवढीच दिसतात आणि हातात उरणारे पैसे मात्र कमी झालेले असतात. अशा कार्डाबद्दलचे काही समज मालक मंडळींत घट्ट रुजलेले आहेत. ते आकडे मांडून तपासायला हवेत.

उदाहरणाला एक कॅपुचिनो घेऊ. जीएसटी सोडून तिची किंमत 150 रुपये. किलोला हजार रुपयांची बी धरली, तर दोन शॉटना लागणाऱ्या 18 ग्रॅमचे 18 रुपये होतात. दीडशे मिली दुधाचे दहा रुपये. साखर, टिश्यू आणि थोडी नासधूस मिळून चार. म्हणजे कपामागे माल 32 रुपयांचा आणि उरतात 118. भाडं, पगार, वीजबिल हे सगळं या 118 मधून भागवायचं असतं.

गैरसमज: फुकट कप आपल्याला मालाच्या किमतीत, म्हणजे 32 रुपयांत पडतो.

वस्तुस्थिती: तो केवढ्याला पडतो, हे पिणारा कोण आहे त्यावर ठरतं. जो एरवी आलाच नसता, त्याला दिलेला कप 32 रुपयांचा. पण जो रोज सकाळी आठला येतोच आणि त्या दिवशीही 150 रुपये मोजणारच होता, त्याला फुकट दिला की ते दीडशेच्या दीडशे गेले. अडचण अशी की कार्ड सर्वांत आधी भरतं ते याच माणसाचं.

हे महिन्याच्या हिशेबात पाहू. एक जण महिन्यातून आठदा येतो. कार्ड नव्हतं तेव्हा त्याच्याकडून 8 गुणिले 118, म्हणजे 944 रुपये उरत होते. कार्ड आल्यावर दर दहा कपांत नऊ विकले जातात आणि एक फुकट जातो. नऊ कपांचे 1,062 उरले, त्यातून फुकट कपाच्या मालाचे 32 वजा केले की राहिले 1,030. म्हणजे फेरीमागे 118 ऐवजी 103. आता पूर्वीचे 944 रुपये मिळवायचे तर त्याच माणसाने आठऐवजी नऊहून किंचित जास्त वेळा यायला हवं. ही वाढ सुमारे 15 टक्के झाली. सरसकट दहा टक्के सवलत दिली असती तरी नेमकं एवढंच करावं लागलं असतं. कार्ड पूर्ण भरणाऱ्यापुरतं पाहिलं तर ‘दहावी फुकट’ ही दहा टक्क्यांची सवलतच आहे. फरक एवढाच की सरसकट सवलत एकदाच येऊन जाणाऱ्यालाही मिळते आणि कार्डाची फक्त परत परत येणाऱ्याला.

गैरसमज: गिऱ्हाइकाला जे सर्वांत आवडतं तेच बक्षीस द्यावं.

वस्तुस्थिती: जे आवडतं ते तो विकत घेतोच आहे. बक्षीस असं हवं की ज्याची किंमत त्याच्या नजरेत भरते, आपल्याला ते स्वस्तात पडतं आणि एरवी तो ते मागवत नाही.

याच कॅफेत भाजलेल्या केळ्याच्या केकचा तुकडा 90 रुपयांना विकला जातो आणि 28 रुपयांत तयार होतो, असं धरू. आपला आठ फेऱ्यांचा माणूस नुसती कॉफी घेतो. त्याला दहाव्या कॉफीचे पैसे घेऊन सोबत केक दिला, तर दहाही कप विकले गेले. 1,180 उरले, त्यातून केकचे 28 गेले, हातात राहिले 1,152. फुकट कॉफीच्या कार्डात हाच आकडा 1,030 होता. दर कार्डामागे 122 रुपये वाचले. फेरीमागे आता 115 रुपये उरतात. पूर्वीइतकी कमाई टिकवायला या माणसाची पाच महिन्यांत साधारण एक जादा फेरी पुरते. फुकट कॉफीत ती दर महिन्याला एकाहून अधिक लागत होती.

मात्र हे गणित माणूस केक विकत घेत नाही या एका गोष्टीवर उभं आहे. म्हणून आधी महिन्याभराची बिलं चाळावीत. निम्म्या बिलांत कॉफीबरोबर केक असेलच, तर केक फुकट देणं म्हणजे पुन्हा स्वतःचीच विक्री कापणं. मग बक्षीस दुसरं शोधावं: घरी बनवलेल्या कुकीज, मोठा कप, किंवा नवी आलेली कोल्ड कॉफी. आणि काल उरलेला तुकडा कधीही देऊ नये. महिनाभर शिक्के जमवणाऱ्याला शिळं मिळालं, तर योजना नसती तर बरं झालं असतं, अशी वेळ येते.

गैरसमज: बक्षीस जेवढं मोठं, तेवढ्या फेऱ्या जास्त.

वस्तुस्थिती: बक्षीस किती मोठं याइतकंच ते किती जवळ दिसतं यालाही महत्त्व आहे. रॅन किवेट्झ, ओलेग उर्मिन्स्की आणि युहुआंग झेंग यांनी न्यूयॉर्कमधल्या कोलंबिया विद्यापीठाच्या आवारातल्या कॅफेत याचा अभ्यास केला. तो 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. कार्ड भरत येईल तशा दोन फेऱ्यांमधल्या दिवसांच्या खंडात घट होत जाते, असं त्यांना दिसलं. त्यांनी काहींना दहा चौकोनांचं कोरं कार्ड दिलं आणि काहींना बारा चौकोनांचं, ज्यावर दोन शिक्के आधीच मारलेले होते. दोघांनाही विकत घ्यायच्या होत्या दहाच कॉफ्या. पण कोरं कार्ड भरायला सरासरी 15.6 दिवस लागले आणि दोन शिक्क्यांचं 12.7 दिवसांत भरलं. दुकानाला या दोन शिक्क्यांचा खर्च शून्य.

यातली मर्यादाही त्याच अभ्यासात आहे. बक्षीस हाती पडलं की वेग पुन्हा मंदावतो. म्हणजे शेवटची घाई काही अंशी पुढच्या आठवड्यातली फेरी अलीकडे ओढलेली असते, तिला निव्वळ वाढ म्हणता येत नाही. यावर करण्यासारखं एक काम म्हणजे बक्षीस देतानाच दोन शिक्के मारलेलं नवं कार्ड हातात ठेवणं, म्हणजे माणूस शून्यावर येत नाही. दुसरं, चौकोनांची संख्या आपल्या गिऱ्हाइकाच्या सवयीवरून ठरवणं. बहुतेक जण आठवड्यातून एकदा येत असतील, तर दहा फेऱ्यांचं बक्षीस अडीच महिने लांब राहतं आणि कार्ड पाकिटात विसरलं जातं. त्यांच्यासाठी सहा फेऱ्या आणि लहान बक्षीस बरं.

गैरसमज: मोठ्या साखळ्या रुपयांवर गुण देतात, आपणही तेच करावं, नाहीतर कपामागे एक शिक्का.

वस्तुस्थिती: स्टारबक्सने अमेरिकेत एप्रिल 2016 मध्ये फेरीमागे एक तारा देण्याची पद्धत सोडली आणि डॉलरमागे दोन तारे देणं सुरू केलं. जुन्या पद्धतीत लोक एकाच वेळच्या ऑर्डरची वेगवेगळी बिलं करून जास्त तारे मिळवत होते. ज्या दुकानात एक जण दोन डॉलर खर्च करतो आणि दुसरा दहा, तिथे खर्च मोजणं योग्यच. गल्लीतल्या कॅफेत बहुतेक बिलं आसपासच्याच रकमेची असतात आणि हवी असते ती माणसाची पुन्हा फेरी. तिथे रुपयांचे गुण ठेवले की गिऱ्हाइकाला किती झाले ते कळत नाही आणि काउंटरवर रांग खोळंबते.

कपामागे शिक्का देण्यातही गोची आहे. ऑफिसातले पाच जण एकदा आले, पाचही शिक्के एकाच्या कार्डावर गेले, की दोन फेऱ्यांत बक्षीस. त्या माणसाची सवय काही बदललेली नसते. म्हणून नियम कार्डावरच छापावा: एका कार्डावर दिवसाला एकच शिक्का, किमान 120 रुपयांच्या बिलावर. मग बिलं फोडून हाती काही लागत नाही. बक्षीसही बिलात शंभर टक्के सवलत दाखवून नोंदवावं. असं केलं की रात्री केकचे तुकडे मोजताना हिशेब जुळतो आणि काउंटरवरच्या मुलाने मित्राच्या कार्डावर चार शिक्के मारले तर तेही नजरेत येतं, कारण दिवसाचे शिक्के त्या दिवशीच्या बिलांपेक्षा जास्त असूच शकत नाहीत.

गैरसमज: भरलेली कार्डं वाढली, म्हणजे योजना चालली.

वस्तुस्थिती: भरलेली कार्डं फक्त बक्षिसं किती दिली ते सांगतात. फेऱ्या वाढल्या का, हे कळायला आधीची स्थिती माहीत असावी लागते. त्यासाठी कुणाचा मोबाइल नंबर मागायची गरज नाही. दुकानाच्या यूपीआय ॲपमध्ये पैसे देणाऱ्यांची नावं दिसत असतील, तर योजना सुरू करण्याआधीच्या दोन महिन्यांतली वीस-पंचवीस नेहमीची नावं आणि त्यांच्या फेऱ्या वहीत उतरवून ठेवाव्यात. तीन महिन्यांनी तीच नावं पुन्हा मोजावीत.

दुसरी युक्ती म्हणजे चौकोनात फुलाचा शिक्का न मारता तारखेचा मारणं. समजा, एकाचं पहिलं कार्ड असं आहे: सुरुवातीला चार-चार दिवसांनी फेरी, शेवटी दोन-दोन दिवसांनी, आणि दुसरं कार्ड पाच दिवसांच्या खंडाने सुरू झालंय. हा माणूस बक्षिसासाठी धावला आणि मग थांबला, एकूण वाढ जेमतेम. दुसऱ्या कार्डाच्या सुरुवातीलाच खंड तीन दिवसांवर आला असेल, तर सवय खरोखर बदलते आहे. भरलेली कार्डं परत घेऊन डब्यात ठेवली की हा अभ्यास फुकटात होतो.

न भरलेली कार्डंही मोजायला हवीत. ती म्हणजे वाचलेले पैसे, असं समजलं जातं, पण ती आपल्या नावावरची देणी असतात. बाहेर 400 कार्डं आहेत आणि प्रत्येकावर विकत घेतलेल्या फेऱ्यांचे सरासरी पाच शिक्के, म्हणजे दोन हजार शिक्के झाले. केकच्या योजनेत शिक्क्यामागे 2 रुपये 80 पैसे, म्हणजे सगळे आले तरी 5,600 रुपये. फुकट कॉफीच्या योजनेत नेहमीच्या गिऱ्हाइकापुरता हा भार नऊ शिक्क्यांना 150 या हिशेबाने 33,000 च्या पुढे जातो. योजना बंद होणार असं कळलं की ही कार्डं एकदम बाहेर येतात. म्हणून मुदतीची तारीख पहिल्या दिवसापासून कार्डावर छापलेली असावी आणि तीन महिन्यांची वही पाहून फेऱ्या वाढलेल्या नसतील, तर त्या तारखेला योजना गुंडाळावी.