कार्बनची साखळी जोड्या का पाडते?

पॉलिअ‍ॅसिटिलीनची फिल्म चांदीसारखी चकाकते, पण शुद्ध असताना धातूसारखी वीज वाहत नाही. खरं तर वाहायला हवी. कार्बनची लांबच लांब साखळी, प्रत्येक कार्बनला एक हायड्रोजन, आणि नेहमीचे बंध जुळल्यावर प्रत्येकाकडे उरलेला एक इलेक्ट्रॉन. मग अडतं कुठे? बंध मोजले की उत्तर सापडतं: एक सुमारे १.३६ अँगस्ट्रॉम, शेजारचा १.४४, पुन्हा १.३६. अणू दोन-दोन करून जवळ आले आहेत.

उरलेले इलेक्ट्रॉन साखळीभर लाटांच्या रूपात पसरतात. जितके कार्बन तितक्या लाटा, आणि एका लाटेत दोन इलेक्ट्रॉन मावतात. म्हणून खालच्या निम्म्या लाटा भरतात, वरच्या रिकाम्या राहतात. नेमक्या सीमेवरच्या लाटेची लांबी चार अणूंची असते. ती दोन प्रकारे बसू शकते. पहिल्या प्रकारात अणूंवरची चिन्हं अधिक, अधिक, उणे, उणे अशी येतात. दुसऱ्यात अधिक, उणे, उणे, अधिक. शेजाऱ्यांची चिन्हं सारखी असली की तो बंध बळकट होतो. पहिली लाट १-२ हा बंध बळकट करते, दुसरी २-३. सगळी अंतरं समान असतील तर दोघींची ऊर्जा सारखीच.

आता अणू १ आणि २ जरा जवळ सरकवा. पहिली लाट खाली उतरते, दुसरी तितकीच वर चढते. मधे दरी पडते. पण इलेक्ट्रॉन फक्त खालच्या लाटेत आहेत, त्यामुळे वर चढण्याची किंमत कुणालाच मोजावी लागत नाही.

अणू सरकवायला ऊर्जा लागतेच. सरकणं दुप्पट केलं तर खर्च चौपट. तरी फायदा जिंकतो, तो का? सीमेजवळच्या पातळ्या दरीइतक्या अंतरापर्यंत घ्या: प्रत्येक जवळपास दरीच्या प्रमाणात उतरते आणि अशा पातळ्यांची संख्याही दरीच्याच प्रमाणात, म्हणजे एकूण फायदा दरीच्या वर्गाइतका. त्याखालचा दुप्पट रुंद पट्टा घेतला तर प्रत्येक पातळी निम्मीच उतरते, पण पातळ्या दुप्पट असतात. फायदा पुन्हा जवळपास तेवढाच. दरी जितकी लहान, तितके असे पट्टे अधिक बसतात. खर्चाला मात्र हा गुणाकार मिळत नाही. म्हणून समान अंतरांची साखळी थोड्याशा धक्क्यानेही मोडते, आणि पट्टे कमी पडू लागले की जोड्यांचं सरकणं थांबतं. रुडॉल्फ पायर्ल्स यांनी १९५५च्या पुस्तकात हे मांडलं. पत्र्यासारख्या पसरलेल्या रचनेत सीमा वक्ररेषा असते, एकच जोडणी तिच्या थोड्याच भागाला लागू पडते. म्हणून ही खात्री साखळीपुरतीच.

पॉलिअ‍ॅसिटिलीनमध्ये दरी सुमारे १.४ इलेक्ट्रॉन-व्होल्टची आहे. त्याहून कमी ऊर्जेचा प्रकाश फिल्ममधून बराचसा आरपार जातो. मात्र ही सगळी दरी जोड्यांमुळेच पडलेली नाही. इलेक्ट्रॉनांचं एकमेकांना ढकलणंही तिच्यात भर घालतं.